पाठवायचे बाकी: तीन

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५
पहाटे पाऊस, नऊनंतर उघडीप. लिफ्ट कालपासून बंद. १०.३० ला जिन्याने उतरले. इस्त्रीचे गाठोडे फकिरासाठी तळघरात लिफ्टपाशी ठेवले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, नंबर तोच. ११.५० ला परत. फाटकात फकिरा सायकलवर, माझे गाठोडे मागे बांधलेले. ११.५२ लिफ्ट कंपनीला फोन. प्रेरणा नावाची मुलगी. माणूस अजून पोहोचला नाही म्हणाली. ११.५७ मी लिफ्टचा मेन स्विच वर केला. ११.५९ खाली केला.

त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. शेवटच्या ओळीचे अक्षर माझे वाटत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला रोज रात्री पाच ओळी लिहायला लावत. वेळ घालायची आणि जे घडले तेच लिहायचे, कसे वाटले ते लिहायचे नाही. वयाच्या अकराव्या वर्षापासून मी ते करत आले. लग्न झाले, मुली झाल्या, हे गेले, तरी पाच ओळी चुकल्या नाहीत. आज मात्र आदिनाथबद्दल पाच ओळींहून जास्त लिहिते आहे. त्या दोन मिनिटांत माझ्या हातून त्याचा जीव जाणार होता आणि त्यानंतर दोन दिवस त्याची नोकरी माझ्या वहीत अडकून होती.

आमची रेणुका अपार्टमेंट ज्योतीनगरात आहे. चार मजले, खाली गाड्यांचे तळघर. मी चौथ्या मजल्यावर राहते, गुडघे दोन्ही दुखतात. लिफ्ट बंद पडली की मी घरात अडकते, म्हणून लिफ्टवर माझे बारीक लक्ष असते. आमचे हे वीज मंडळात होते. त्यांनी मला फ्यूज बांधायला शिकवले, कुठली कळ कशाची हे शिकवले. त्यामुळे बिल्डिंगमधल्या इतर बायका मीटरच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, मी टाकते. याचा मला थोडा तोरा होता, हेही लिहायला हवे.

त्या दिवशी मी डॉक्टरांकडून आले. वॉचमन कडुबा पाण्याच्या पंपाचा मिस्त्री आणायला गेला होता. सेक्रेटरी काकासाहेब गंगापूरला, शेतावर. लिफ्टच्या दारावर कंपनीचा नंबर चिकटवलेला आहे, तो लावला.

"नमस्कार, प्रेरणा बोलतेय. तुमची तक्रार दिसतेय मॅडम. त्या तक्रारीचं तिकीट आदिनाथ यांच्याकडे दिलेलं आहे."

"मग ते कधी येणार?"

"अजून पोहोचलेले नाहीत, स्टेटसमध्ये तसंच आहे. त्यांचा फोनही लागत नाहीये, गाडीवर असतील. तोपर्यंत तुम्ही कुणाला तरी सांगून लिफ्टचा मेन स्विच एकदा बंद करून चालू करून बघता का? बऱ्याचदा त्यानेच सुरू होते."

मी म्हटले, कुणाला कशाला सांगायचे, मीच करते.

मीटरची खोली तळमजल्यावर जिन्यामागे. लिफ्टचा स्विच खालीच पाडलेला होता, लिफ्ट बंद म्हणून कडुबाने पाडला असेल असे मी समजले. त्यावर लाल पत्र्याची पाटी लटकत होती, 'हात लावू नये, काम चालू आहे.' ती पाटी मी वाचली. मागच्या दिवाळीच्या आधी दोरखंड बदलला, तेव्हाच्या माणसांनी ती तिथे विसरली होती. तेव्हापासून ती तिथेच. कडुबा तिच्या खिळ्याला टाकीच्या खोलीची किल्ली अडकवतो. अकरा महिने लिफ्ट वर-खाली करत होती आणि पाटी 'काम चालू आहे' म्हणत होती. मी ती बाजूला सारली आणि स्विच वर केला.

लिफ्टपाशी येऊन पाहिले तर दारावरचा आकडा उजळला होता, १. मग खाली जाणारा बाण. मला बरे वाटले. लिफ्ट माझ्यासमोरून, बंद दाराआडून, खाली गेली. मी बोलावली नव्हती, तरी ती तळघराकडे चालली होती. मग एकदम खाडकन थांबल्याचा आवाज. त्याच्या मागोमाग पायाखालून कुणी लोखंडावर ठोकत होते, आणि एक आवाज, फार मोठा नाही, जसा काही शेजारच्या खोलीतून.

"मेन पाडा. वर कोन हाय? मेन पाडा."

मी परत मीटरच्या खोलीत कशी गेले ते मला आठवत नाही. स्विच पाडला तेव्हा घड्याळाकडे नजर गेली हे मात्र आठवते. पन्नास-साठ वर्षांची सवय, ती माणूस मरत असतानाही सुटत नाही.

तळघरात उतरले. लिफ्टच्या दारासमोर एक पिवळी घडीची पाटी उभी होती, एक हत्यारांची पिशवी, आणि गुंडाळलेला रेनकोट. दार बंद होते. मग आतून काहीतरी खटकले, दार हळूहळू बाजूला सरकले. आत लिफ्टचा तळ दिसला, काळा, तेलकट, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर येऊन थांबलेला. त्याखालच्या फटीतून आधी एक हात आला, मग डोके. एक तरुण माणूस पोटावर सरपटत बाहेर आला. कपडे छातीपर्यंत चिखलाने भरलेले. तो फरशीवर बसला आणि उजवा हात डाव्या हाताने धरून त्याकडे पाहत राहिला. दोन बोटांची टोके काळी पडली होती.

मी विचारले, "तू कोण?" इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात विचारला नसेल.

"आदिनाथ," तो म्हणाला. "लिफ्टवाला." मग थोड्या वेळाने, "मेन कुनी टाकला, आज्जी?"

मी सांगितले, "मी."

तो रागावला असता तर मला सोपे गेले असते. त्याने फक्त मान हलवली, जसे कुणी पत्ता सांगितल्यावर हलवतात.

त्याला आधार द्यायला मी हात पुढे केला. त्यानेच तो धरून मला सावरले. आम्ही दोघे जिन्याच्या पायऱ्यांवर बसत बसत वर आलो, तो माझ्यासाठी थांबत होता. तळमजल्यावर येताच त्याच्या खिशातला फोन थरथरला. चिखलाच्या हाताने त्याने तो काढला, पँटला पुसला, आणि पाहता पाहता म्हणाला, "हं. आत्ता गेलं."

"काय गेले?"

त्याने पडदा माझ्याकडे केला. वर एका छोट्या ढगाच्या चित्राशेजारी लिहिले होते, 'पाठवायचे बाकी: ३'. माझ्या डोळ्यांदेखत तीनचे दोन झाले, दोनचा एक, मग ढग हिरवा झाला.

"तळघरात रेंज नस्ती," तो म्हणाला. "खाली उतरलो तवाच दाबलं व्हतं. पोहोचलो, फोटो, काम सुरू. ते फोनातच बसून राहतं. रेंज आली की आपोआप जातं, ज्या ओळीनं दाबलं त्या ओळीनं." मग भिंतीवरचे घड्याळ पाहिले. "बारा बावीस."

तेव्हा मला कळले. मी प्रेरणाशी बोलत होते, तेव्हा हा माणूस माझ्या पायांखाली, लिफ्टखालच्या खड्ड्यात बसलेला होता, आणि तो पोहोचल्याची बातमी त्याच्याच खिशात होती.

चौथ्या मजल्यावर चढून जाणे त्या दिवशी दोघांनाही शक्य नव्हते. पहिल्या मजल्यावरच्या जोशीबाईंकडे बसलो. त्यांनी भाजल्यावरचे मलम दिले, मी लावले. त्याने दोन कप चहा प्यायला आणि तिसऱ्यालाही नाही म्हटले नाही. मग तो बोलू लागला. बोलला नसता तर कदाचित रडला असता.

खुलताबादच्या खाली डोंगराच्या पायथ्याला त्याची वस्ती. वडील मुंजाबा, मेंढ्या राखतात. आई म्हाळसाबाई. दिवाळी झाली की मेंढ्या घेऊन बाप निघायचा तो पावसाच्या तोंडावर परतायचा. लेक शिकावा म्हणून आईने त्याला मामाकडे ठेवले. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाला. आता मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनच्या मागे एक खोली, आई सोबत. शहरातल्या चाळीसेक लिफ्ट त्याच्याकडे. रोज सकाळी निघण्याआधी घरीच दिवसभराची तिकिटे फोनवर उतरवून घेतो. मग दिवसभर तळघरे, लिफ्टचे खड्डे, गच्चीवरच्या खोल्या. निम्म्या जागी रेंज नसते.

"आमच्या बापाचं पन असंच," तो म्हणाला. "आठ महिने भाईर. कोनतं मेंढरू मेलं, कोनतं व्यालं, कुठं मुक्काम पडला, समदं घरी आल्यावरच कळायचं, एका बैठकीत. आई म्हनायची, तुझा बाप आला की आठ महिन्यांचं सुतक अन् बारसं एकाच दिशी."

जोशीबाई हसल्या. मला हसू आले नाही.

खाली काय झाले तेही त्याने सांगितले, अगदी कामाच्या भाषेत. खड्ड्यात पावसाचे पाणी साचले होते. तिथे भिंतीवर एक लाल बटण असते, माणूस खाली असताना ते दाबून ठेवले की लिफ्ट हलूच शकत नाही. तेच बटण गंजून अडकले होते, म्हणून लिफ्ट बंद पडली होती. फोन खाली पिशवीतच ठेवून त्याने वर येऊन मेन पाडला. त्या स्विचला लावायचे कंपनीचे कुलूप मोडले होते, दोन महिने मागून नवे आले नव्हते. पण लाल पाटी तिथे आधीच लटकत होती. त्याला वाटले, पाटी आहे, पुरे. मग परत खाली, फोन खिशात. तळघरात दुसऱ्या मजल्यावरचे एक मूल सायकल फिरवत होते, ते खड्ड्यात पडू नये म्हणून आत उतरून त्याने दार ओढून घेतले. जुने बटण काढले आणि बाकीची लाईन ठीक आहे का ते मीटरने बघायला त्याच्या दोन तारा तात्पुरत्या एकमेकींना जोडल्या.

"ते चुकलंच माझं," तो म्हणाला. "तारा जोडायच्या नस्त्या. जोडल्या म्हनून लिफ्टीला वाटलं, खाली कोनी नाय."

वीज परत आली की ही लिफ्ट आपण कुठे आहोत हे शोधायला आपसूक सगळ्यात खालच्या मजल्यावर जाते. त्याने वर खटका ऐकला, मान वर केली, तर तळ खाली येत होता. पळायला जागा नव्हती. त्याने हाताने त्या दोन तारा ओढून तोडल्या. तारा सुटल्या की लिफ्टचा ब्रेक लागतो. त्याच्या डोक्यावर वीतभर अंतर ठेवून ती थांबली.

"बोटं भाजली, पन डोकं वाचलं. बोटं दहा हायेत," तो म्हणाला.

संध्याकाळी काकासाहेब गंगापूरहून आले. जिल्हा परिषदेतून निवृत्त, घरची चाळीस एकर, पण बिल्डिंगचे प्रत्येक काम स्वतः धावून करणारे. मी त्यांना सगळे सांगितले. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"काकू, हे असं करू," ते म्हणाले. "कोणी विचारलं तर लाईट गेली होती, आली. बस. तुमचं वय किती? पोलीस, कंपनी, कोर्ट, कुठं या भानगडीत पडता?"

"मी लिहून ठेवले आहे."

"डायरीत? अहो, डायरीत सगळंच लिहायचं असतं का?"

"मला दुसरे काही लिहिता येत नाही, काकासाहेब."

"मग ती डायरी कुणाला दाखवायची नाही. विषय संपला. पोरगा वाचला ना? देवाची कृपा."

मीही तेव्हा गप्प राहिले. हे मला आज बरे वाटत नाही, पण गप्प राहिले. माणूस वाचला, माझ्या हातून काही मोडले नाही, आणि आदिनाथने माझ्याविरुद्ध एक शब्द काढला नव्हता. दोन रात्री मला झोप लागली की स्वप्नात मी स्विच वर करत असे.

गुरुवारी अकरा वाजता कंपनीचा सुपरवायझर आला, राजकुमार नावाचा, पस्तिशीचा, पान खाणारा, बोलणे अर्धे मराठी अर्धे हिंदी. आदिनाथ सोबत होता, बोटांना पांढरी पट्टी. काकासाहेबांच्या घरी बैठक. मला बोलावले नव्हते. मी जिन्याने उतरून गेले.

राजकुमारने एक छापील कागद टेबलावर ठेवला.

"ये देखो साहेब. अपघात बाराला. आणि हा पोहोचला कधी? बारा बावीस. काम सुरू, बारा बावीस. फोटो, बारा बावीस. मतलब काय? तिकीट सुरू न करताच खड्ड्यात उतरला. नंतर वर येऊन तीनही बटणं दाबली."

"सर, खाली रेंज नव्हती," आदिनाथ म्हणाला. "ते नंतर सिंक झालं. फोनात बघा ना, अकरा अडतीस दाखवतंय."

"फोनची वेळ कोणपण बदलतो भाई. मागच्या महिन्यात शेंद्र्याकडच्या त्या लिफ्टवाल्या पोरानं घरी झोपून तिकिटं बंद केली, घड्याळ फिरवून. फोटोवर पण फोनचीच वेळ. मी वर काय सांगू?" तो काकासाहेबांकडे वळला. "तारा जोडल्या, कुलूप नाही लावलं, त्याचं ताकीदपत्र देतो, चालतं. पण तिकीट सुरू असतं तर कॉल सेंटरनं मेन टाकायला सांगितलंच नसतं. त्यामुळं तिकिटाचं खोटं निघालं, तर घरी. नियम आहे. आणि मला सांगा, मेन टाकला कुणी?"

"लाईट गेली होती," काकासाहेब म्हणाले. "आली."

राजकुमारने आदिनाथकडे पाहिले. आदिनाथने माझ्याकडे पाहिले नाही. खिडकीबाहेर बघत राहिला. हा पोरगा माझ्यासाठी नोकरी घालवायला बसला होता, आणि मी जोशीबाईंच्या मलमाने माझा हिशेब मिटला असे समजत होते.

मी विचारले, "तो फोटो मला बघता येईल का?"

राजकुमारला आश्चर्य वाटले, पण त्याने फोन पुढे केला. आमच्या तळघराचा फोटो. लिफ्टचे बंद दार, त्यासमोर पिवळी पाटी. दाराशेजारी भिंतीला टेकून एक गाठोडे, निळ्या चादरीत बांधलेले, कोपऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने काढलेले फूल. ते फूल मी काढलेले आहे, सत्त्याऐंशी साली, धाकटीच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा.

"हे माझे गाठोडे आहे," मी म्हटले. "इस्त्रीचे. मी साडेदहाला ठेवले. अकरा पन्नासला ते फकिराच्या सायकलवर फाटकातून बाहेर चालले होते. बारा बावीसला हा फोटो काढला असता तर त्यात गाठोडे कुठून येईल?"

"काकू, तुम्हाला वेळ इतकी कशी आठवते?" राजकुमारने विचारले.

"आठवत नाही. लिहिलेली आहे."

काकासाहेब म्हणाले, "काकू," एवढेच. आवाजात धमकी नव्हती, विनंती होती. त्यांना बिल्डिंगची काळजी होती, आणि माझीही.

डायरी मी घेऊनच गेले होते. पान उघडून टेबलावर ठेवले. फकिराची ओळ आणि स्विचची ओळ एकाच पानावर आहेत, मध्ये फक्त फोनची ओळ. एक दाखवून दुसरी झाकता येत नव्हती. राजकुमारने मोठ्याने वाचले. त्याचा आवाज 'मी लिफ्टचा मेन स्विच वर केला' इथे थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले, पांढऱ्या केसांकडे, काठीकडे.

"आप?"

"तुमच्या प्रेरणाने सांगितले आणि मी केले. तिचा दोष नाही. तिच्यासमोर जे दिसत होते ते तिने सांगितले. पाटी मी वाचली होती. वाचून बाजूला सारली. ते तुमच्या कागदावर लिहा."

काकासाहेबांच्या बायकोने आतून पाणी आणले आणि सर्वांनी प्यायले, कुणालाच तहान नसताना.

मग राजकुमार गॅलरीत जाऊन पुण्याच्या ऑफिसला फोन करू लागला. दार उघडे होते, ऐकू येत होते. कुणाला तरी तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "नाही, रिपोर्ट नको. रिपोर्टमध्ये फक्त सर्व्हरवर कधी आलं तेच येतं. त्याच्या मागचं बघ. फोनवर कधी दाबलं, तो रकाना आहे ना?" मग बऱ्याच वेळाने, "बोल. अकरा अडतीस. फोटो? अकरा एकोणचाळीस. काम सुरू? अकरा एक्केचाळीस." मग, "आणि फोनचं घड्याळ सर्व्हरशी जुळतं का, ते पण येतं ना सिंकच्या वेळी? किती फरक? चार सेकंद. लिहून पाठव मला."

आत येऊन तो खुर्चीत बसला. चेहरा उतरलेला. "रकाना आहे," तो म्हणाला. "दोन्ही वेळा साठवतात. छापताना एकच छापतात. तीन वर्षं मी हाच कागद बघून लोकांना..." शेंद्र्याच्या त्या मुलाचे काय झाले हे मी विचारले नाही. आता वाटते विचारायला हवे होते.

"मग माझं काय, सर?" आदिनाथने विचारले.

"तुझं काय. ताकीदपत्र मिळेल, सही करशील. तारांचं आणि कुलपाचं. कुलूप मी आजच देतो, गाडीत आहे एक. तिकीट खरं आहे." मग थोडे थांबून, "पण अडाणी, ढग हिरवा नाही झाला तर वर येऊन एक मिनिट उभं राहायला काय झालं होतं? नाहीतर फोन करायचा एक."

"व्हय सर. आई पन तेच म्हनली. ती म्हनली, तुझ्या बापाला तर मानूस भेटत नव्हता सांगावा द्यायला. तुला जिना व्हता."

राजकुमार हसला आणि आम्ही सगळेच हसलो, काकासाहेबही. मला वाटते मी पहिल्यांदाच हसले मंगळवारनंतर.

नंतर आदिनाथ कामाला लागला. नवे बटण बसवायचे राहिले होते. मी मीटरच्या खोलीच्या दारात काठी टेकून उभी राहिले. मेन मंगळवारपासून खालीच होता, त्याने त्याला कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली. मग तिथली जुनी लाल पाटी खिळ्यावरून काढली. कडुबाची किल्ली खाली पडली, ती त्याने दुसऱ्या खिळ्याला अडकवली. पाटी मला दिली.

"ठेवा तुमच्याकडं, आज्जी. काम असलं की मी मागून घेतो. काम झालं की परत देतो. इथं टांगून ठिवली की कोन वाचतंय?"

"मी वाचली होती," मी म्हटले.

तळघराकडे जाताना पायरीवर थांबून त्याने फोन वर धरला, ढगाकडे पाहिले, हिरवा होईपर्यंत उभा राहिला. मग माझ्याकडे बघून पट्टीचा हात हलवला आणि खाली उतरला.

दीड वाजता लिफ्ट सुरू झाली. मी तिने वर गेले नाही. जिन्याने गेले, चार मजले, मध्ये तीनदा बसले. लाल पाटी आता माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या कप्प्यात.

त्या संध्याकाळच्या पाच ओळींत मी बैठकीतल्या वेळा लिहिल्या, राजकुमारने वाचून दाखवलेले आकडे लिहिले, कुलूप लावल्याचे लिहिले. चार ओळी झाल्या. पाचवी अशी आहे:

नळाला आज सातव्या दिवशी पाणी आले, दोन्ही टाक्या आणि पितळी हंडा भरला.